नफा दोघांचा, तोटा भांडवलाचा

मुदारबा हा दोन पक्षांचा भागीदारी करार आहे. एकाने पैसा द्यायचा, दुसऱ्याने त्या पैशावर व्यापार करायचा. पैसा देणाऱ्याला अरबीत रब्ब-उल-माल म्हणतात आणि व्यापार करणाऱ्याला मुदारिब. नफा झाला तर तो आधी ठरलेल्या प्रमाणात दोघांत वाटला जातो. तोटा झाला तर तो सगळा पैसा देणाऱ्याच्या माथी बसतो. मुदारिबाचे जाते ते एवढेच, की त्याची वर्षभराची मेहनत फुकट ठरते.

वित्तशास्त्राच्या विद्यार्थ्याला ही मांडणी पहिल्यांदा एकांगी वाटते. १९३२ च्या भारतीय भागीदारी कायद्यात, भागीदारांनी वेगळे काही ठरवले नसेल तर नफा समान वाटावा आणि तोटाही समान सोसावा, असे म्हटले आहे. तिथे नफा आणि तोटा जोडीने चालतात. इस्लामी कायद्यात मात्र त्यांचे नियम निराळे आहेत. नफ्याचे प्रमाण पक्षांनी आपसात ठरवायचे असते. तोट्याचे प्रमाण ठरवण्याची मोकळीक त्यांना नाही, ते भांडवलावरून आपोआप ठरते.

यामागचे कारण कर्जाशी तुलना केली की उलगडते. कर्ज घेणारा मुद्दल परत करण्यास बांधलेला असतो, धंदा चालो अथवा बुडो. मुद्दल असे सुरक्षित असताना वर घेतलेली कोणतीही ठरीव रक्कम हे व्याज होते, आणि व्याज निषिद्ध आहे. मुदारब्यात पैसा देणाऱ्याला मिळणारा वाटा वैध ठरतो तो त्याचे मुद्दल धोक्यात असते म्हणूनच. उद्या तोट्याचा काही भाग मुदारिबावर टाकला, तर तेवढ्या भागापुरते मुद्दल सुरक्षित होईल आणि करार कर्जाकडे झुकेल. त्यामुळे तशी अट पक्षांनी राजीखुशीने घातली तरी चालत नाही.

दोन्ही पक्षांनी पैसा घातला तर करार मुशारका होतो. तिथेही सूत्र तेच. एकाने ६० आणि दुसऱ्याने ४० घातले, तर तोटा ६० आणि ४० असाच सोसायचा. नफा मात्र हनफी आणि हंबली मतानुसार ५०-५० ठरवता येतो. कारण एक जण धंद्यात अधिक कसबी असू शकतो आणि त्या कसबाचा मोबदला नफ्यातून देणे रास्त आहे. मर्यादा एक आहे: जो भागीदार काम करणारच नाही असे आधी ठरले आहे, त्याला त्याच्या भांडवलाच्या प्रमाणापेक्षा जास्त नफा घेता येत नाही.

तोटा कुणी सोसायचा हा प्रश्न व्यापाऱ्यांना फार पूर्वीपासून जिव्हाळ्याचा होता, हे जुन्या कैरोतील गनिझा कागदपत्रांतून दिसते. अकराव्या-बाराव्या शतकात फुस्तातचे यहुदी व्यापारी एडनमार्गे भारताच्या पश्चिम किनाऱ्यापर्यंत व्यापार करत. त्यांच्या स्वतःच्या धर्मशास्त्रातही ‘इस्का’ नावाचा असा करार होता, पण त्यात दिलेली रक्कम साधारणपणे अर्धी कर्ज आणि अर्धी ठेव मानली जाई. म्हणजे अर्धा तोटा काम करणाऱ्याच्या अंगावर येई. शेजारच्या मुस्लिम व्यापाऱ्यांच्या करारात, ज्याला तिथे किराद म्हणत, तो येत नसे. कागदपत्रांत या यहुदी व्यापाऱ्यांनी ‘परधर्मीयांचा किराद’ या नावाने तोच करार आपसात वापरलेला आढळतो. जहाज बुडाले तर दूरदेशी गेलेला माणूस कर्जबाजारी होऊन परतणार नाही, ही सोय धर्माची वेस ओलांडून गेली.

नफ्याच्या कलमाबद्दल कायदा काटेकोर आहे. वाटा टक्क्यांत किंवा अपूर्णांकात, आणि तोही प्रत्यक्ष नफ्याचा, सांगावा लागतो. भांडवलावर इतके टक्के, असे म्हणता येत नाही. ‘पहिले ५०,००० दिरहम माझे, उरलेले दोघांचे’ ही अटही बाद, कारण एकूण नफाच ५०,००० झाला तर दुसऱ्याच्या हाती काही लागत नाही आणि भागीदारी संपते. मुदारिबाला नफ्यातील वाट्याखेरीज वेगळा पगारही नसतो. मात्र नफा ठरावीक पातळीच्या वर गेला तर वरचा भाग मुदारिबाला बक्षीस म्हणून द्यावा, अशी अट मान्य आहे.

सगळ्यात जास्त गोंधळ होतो तो अनेक वर्षांच्या हिशेबात. नियम असा की भांडवल पूर्ण भरून निघाल्याशिवाय नफा जन्मालाच येत नाही. मधल्या काळात वाटलेली रक्कम ही उचल असते, अंतिम वाटणी नव्हे.

समजा, दुबईतल्या एका व्यापाऱ्याला मसाल्याच्या व्यापारासाठी १० लाख दिरहम मिळाले. नफा पैसा देणाऱ्याला ६० टक्के आणि व्यापाऱ्याला ४० टक्के ठरला. पहिल्या वर्षी २ लाख नफा झाला. त्यातून १ लाख २० हजार पैसा देणाऱ्याने आणि ८० हजार व्यापाऱ्याने उचलले. धंद्यात पुन्हा १० लाख राहिले. दुसऱ्या वर्षी वेलदोड्याचे भाव कोसळले आणि ३ लाखांचा तोटा झाला. आता धंद्यात ७ लाख आहेत आणि दोघे करार संपवायला बसले आहेत.

दोन्ही वर्षांचा करार एकच धरला, तर एकूण निकाल १ लाख तोटा असा आहे. म्हणजे नफा झालाच नाही आणि व्यापाऱ्याने उचललेले ८० हजार त्याचे नव्हतेच. ते त्याने परत करायचे. पैसा देणाऱ्याकडे धंद्यातले ७ लाख, परत आलेले ८० हजार आणि आधी घेतलेले १ लाख २० हजार, असे ९ लाख येतात. १ लाखाचा तोटा पूर्ण त्याचा. व्यापाऱ्याला दोन वर्षांच्या कामाचे काहीही मिळत नाही, पण खिशातूनही काही जात नाही.

आता थोडा बदल करू. पहिल्या वर्षाअखेर दोघांनी सगळा माल विकून रोख केली, १० लाख मुद्दल पैसा देणाऱ्याच्या हवाली केले, नफा वाटून करार मिटवला आणि नंतर तेच १० लाख घेऊन नवा करार केला. दुसऱ्या वर्षी तोच ३ लाखांचा तोटा झाला. आता व्यापाऱ्याचे ८० हजार पक्के झालेले आहेत. दुसऱ्या कराराचा तोटा पहिल्या कराराच्या नफ्यातून वसूल करता येत नाही. पैसा देणाऱ्याकडे ८ लाख २० हजार उरतात. धंदा तोच, भाव तेच, तरी एका बाजूला ८० हजारांचा फरक पडला, आणि तो केवळ हिशेब केव्हा बंद केला यावरून. बँका आज प्रत्येक महिन्याला किंवा तिमाहीला माल न विकता मालमत्तेचे मूल्य ठरवून कागदोपत्री असा हिशेब बंद करतात. त्यामुळे मुदारबा खात्याच्या करारात वाटणी अंतिम केव्हा धरली जाते, हे कलम नफ्याच्या प्रमाणाइतकेच काळजीने वाचायला हवे.

मुदारिब तोट्यातून सुटतो तो तो विश्वस्त आहे म्हणून. त्याने ठरलेली अट मोडली, हयगय केली किंवा पैसा स्वतःकडे वळवला, तर हे संरक्षण संपते आणि नुकसान त्याने भरून द्यावे लागते. म्हणून पैसा देणारे अटी घालतात: अमुक शहरातच व्यापार, अमुक मालच, उधारीवर विक्री नाही. अशा अटींचा करार मर्यादित मुदारबा म्हणून ओळखला जातो. कराराचा खरा कच्चा दुवा इथेच आहे. रोजच्या कारभारात हात घालण्याचा हक्क पैसा देणाऱ्याला नसतो, आणि बाजार पडला की मुदारिबाने चूक केली हे सिद्ध करणे अवघड जाते. नफा कमी दाखवण्याचा मोह मुदारिबाला असतोच. इस्लामी बँका स्वतः कर्जासारखी मदत देताना मुदारबा क्वचित का वापरतात आणि मालाची खरेदी-विक्री करून ठरीव नफा घेणारा मुराबहा का पसंत करतात, याचे बरेचसे उत्तर यात आहे.

ठेवींच्या बाजूला मात्र मुदारबा मोठ्या प्रमाणावर चालतो. तिथे ठेवीदार हा पैसा देणारा आणि बँक मुदारिब. सिद्धांतानुसार बँकेची गुंतवणूक बुडाली तर ठेवीदाराचे पैसे कमी व्हायला हवेत. प्रत्यक्षात तसे झाले तर ठेवीदार शेजारच्या व्याजी बँकेत जातील, ही भीती असते. म्हणून चांगल्या वर्षी एकूण नफ्याचा काही भाग, बँकेचा वाटा काढण्याआधीच, नफा समतोल राखीव निधीत ठेवला जातो आणि वाईट वर्षी त्यातून भर घातली जाते. दुसरा एक निधी फक्त ठेवीदारांच्या वाट्यातून उभारतात. तो पुढचा तोटा भरून काढण्यासाठी. कधी बँक आपला वाटाही सोडते. परिणाम असा, की खात्यावरचा परतावा बाजारातल्या व्याजदरामागे चालतो. वर्षानुवर्षे तो जवळपास सपाट दिसला, तर मधे निधी काम करतो आहे असे समजावे. या वर्षीचा निधी पुढच्या वर्षी खाते उघडणाऱ्याला मिळतो आणि आधीच खाते बंद करणारा त्याला मुकतो, हा यातला अन्याय फारसा कुणी बोलून दाखवत नाही. मलेशियाने २०१३ च्या इस्लामी वित्तसेवा कायद्यात मुद्दलाची हमी असलेली ठेव आणि हमी नसलेले गुंतवणूक खाते ही दोन्ही स्पष्ट वेगळी केली. त्यामुळे तिथे ग्राहकाला आपण नेमकी कोणती बाजू घेतो आहोत हे तरी कळते.

रोख्यांच्या बाजारात हाच प्रश्न उघडपणे आला. मुदारबा आणि मुशारकाच्या तत्त्वावर काढलेल्या अनेक सुकूकमध्ये, मुदत संपताच व्यवस्थापक ती मालमत्ता मूळ दर्शनी किमतीला विकत घेईल, असे वचन असे. मालमत्तेची किंमत निम्मी झाली तरी गुंतवणूकदाराला पूर्ण मुद्दल मिळणार. म्हणजे तोटा पुन्हा व्यवस्थापकावर गेला. पाकिस्तानचे विद्वान ताकी उस्मानी यांनी २००७ मध्ये यावर कठोर टीका केली. त्यानंतर फेब्रुवारी २००८ मध्ये बहरीनस्थित आयोफी या मानके ठरवणाऱ्या संस्थेने जाहीर केले, की मुदारिबाने दर्शनी किमतीला फेरखरेदीचे वचन देऊ नये. विक्रीच्या वेळच्या निव्वळ किंवा बाजारी मूल्याला, अथवा त्या वेळी ठरेल त्या किमतीला खरेदी चालेल. भाडेकराराच्या सुकूकला हा निर्बंध नव्हता, कारण तिथे खरेदी करणारा भाडेकरू असतो, भागीदार नव्हे.

त्यामुळे एखादा कागद खरोखर मुदारब्याचा आहे की नाही हे पाहायचे असेल, तर मुखपृष्ठावरचे नाव सोडून फेरखरेदीची किंमत, मुद्दलाची हमी आणि तूट भरून देण्याचे वचन, ही तीन कलमे आधी उघडावीत. हमी करारापासून पूर्ण वेगळ्या अशा तिसऱ्या माणसाने, मोबदला न घेता, दिली असेल तर ती चालते. ती मुदारिबाने स्वतः दिली असेल, तर तो कागद नावाने काहीही असला तरी कर्जाचाच आहे.