एक रुपयाचा ओटीपी, पाचशेची वजावट

कोळगावहून तारापूरच्या एमआयडीसीत कामाला जाणाऱ्या एका बांधवाने मुलीच्या अभ्यासासाठी मोबाइलवर ॲप घेतले. ‘सात दिवस मोफत’ म्हणून कार्डाचा नंबर दिला, एक रुपयासाठी ओटीपी टाकला. मुलीला ते आवडले नाही, तेव्हा ॲप काढून टाकले. आठव्या दिवशी खात्यातून ४९९ रुपये गेले!

तो ओटीपी केवळ एका रुपयाचा नव्हता. दरमहा पैसे कापण्याची ती संमती होती. ॲप काढले तरी संमती उरतेच.

रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे, ऑक्टोबर २०२१ पासून, अशी रक्कम कापण्यापूर्वी किमान २४ तास आधी बँकेने ग्राहकाला कळवावे लागते. तेव्हा नकार देता येतो. या बांधवाला एसएमएस आला होता. जाहिरात समजून त्यांनी तो वाचलाच नाही.

रद्द दोन्हीकडे करावे. ॲपमधील आपल्या खात्यात Cancel Subscription दाबून त्या पडद्याचा फोटो ठेवावा. मग बँकेच्या ॲपमध्ये किंवा शाखेत जाऊन कार्डावरील ई-मँडेट बंद करावा.

पैसे गेलेच, तर आधी कंपनीकडे लेखी परतावा मागावा, मग बँकेत तक्रार नोंदवून तिचा क्रमांक घ्यावा. मुदतीपूर्वी रद्द केल्याचा पुरावा असेल किंवा बँकेने कळवलेच नसेल, तर आपली बाजू भक्कम. तीस दिवसांत उत्तर न आल्यास cms.rbi.org.in येथे लोकपालाकडे विनाशुल्क दाद मागता येते.

या बांधवाचे ४९९ परत आले नाहीत, कारण संमती त्यांचीच होती. पुढच्या महिन्याचे मात्र वाचले.