चहाला एका वेळी किती जण?

सकाळचे साडेअकरा. फ्लोअरवर पंचवीस एजंट हेडसेट लावून बसलेले. त्यांतले चौघे, एकाच बॅचचे मित्र, एकदम उठतात आणि चहाला जातात. पंधरा मिनिटांचा ब्रेक त्यांच्या हक्काचा आहे, त्यांनी काहीही चुकीचं केलेलं नाही. पण भिंतीवरच्या स्क्रीनवर ताटकळणाऱ्या कॉल्सचा आकडा चढायला लागतो. चौघे परत येतात तोच दुसरे चौघे उठतात. बारा वाजेपर्यंत टीम लीडर खुर्च्यांच्या रांगांमधून फिरत सांगू लागतो, "आता कुणी उठू नका, ब्रेक नंतर घ्या." आणि जे उरले, त्यांचा चहा बुडतो.

पुण्यातल्या एका कॉल सेंटरमध्ये मी काही वर्षं रोस्टर बनवायचं काम केलं. हे दृश्य मी इतक्या वेळा पाहिलं की त्यामागचं गणित लोकांना नीट सांगावं असं तेव्हापासून मनात आहे. चार माणसं उठल्याने एवढा फरक का पडतो, हे कळलं की पुढचं सगळं कळतं.

समजा, साडेअकरा ते बारा या अर्ध्या तासात १२० कॉल येतील असा अंदाज आहे. म्हणजे मिनिटाला चार. एक कॉल सरासरी पाच मिनिटं घेतो. या पाच मिनिटांत बोलणं आलं, ग्राहकाला होल्डवर ठेवणं आलं आणि फोन ठेवल्यावर तक्रार नोंदवून घेणंही आलं. चार गुणिले पाच म्हणजे वीस, तेव्हा कोणत्याही क्षणी सरासरी वीस एजंट कामात गुंतलेले असणार. मग वीस माणसं पुरतील? नाही. कॉल काही दर पंधरा सेकंदांनी शिस्तीत येत नाहीत. एका मिनिटात एकच येतो, पुढच्या मिनिटात आठ येतात. रिकामा गेलेला मिनिट साठवून ठेवता येत नाही. बरोबर वीसच माणसं असतील, तर एकदा साचलेली रांग हटण्याचं नावच घेत नाही.

वीसच्या वर किती माणसं हवीत हे काढायची रीत डेन्मार्कच्या आग्नेर क्रारूप एरलांग याने घालून दिली. तो कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीत होता आणि त्याची सूत्रं १९१७ साली प्रसिद्ध झाली. आजही कॉल सेंटरमधलं माणसांचं गणित त्याच पायावर उभं आहे. आपल्या उदाहरणाला त्याचं सूत्र लावलं, तर पंचवीस एजंट असताना फोन करणाऱ्याला सरासरी बारा-तेरा सेकंद थांबावं लागतं. चोवीस असतील तर बावीस सेकंद, तेवीस असतील तर चाळीसच्या थोडं वर. बावीसवर आलो की जवळजवळ दीड मिनिट, आणि एकवीसवर पावणेचार मिनिटं. पहिला माणूस उठला तेव्हा दहा सेकंदांचा फरक पडला, चौथा उठला तेव्हा सव्वादोन मिनिटांहून जास्त. उठणारा तोच, ब्रेकही तेवढाच. फरक आहे तो आधीच किती जण उठलेले आहेत याचा. म्हणूनच "माझ्या एकट्याच्या जाण्याने काय होतंय" असं वाटणं स्वाभाविक असलं, तरी हिशेबात ते बसत नाही.

या धंद्यातला नेहमीचा वायदा असा की शंभरातले ऐंशी कॉल वीस सेकंदांच्या आत उचलले जावेत. पंचवीस माणसांवर तो पाळला जातो, चोवीसवर थोडक्यात हुकतो. एकवीस माणसांवर शंभरातले तीससुद्धा वेळेत उचलले जात नाहीत.

आता पाळ्यांकडे येऊ. आपल्याकडच्या बऱ्याच ठिकाणी नऊ तासांचं लॉगिन आणि त्यात एक तासाचा ब्रेक असतो: पंधरा मिनिटांचा चहा, अर्ध्या तासाचं जेवण आणि पुन्हा पंधरा मिनिटं. समजा, आपलं सेंटर सकाळी नऊ ते रात्री आठ चालतं आणि सुट्ट्या, रजा, ट्रेनिंग वजा जाता आज तीस जण हजर आहेत. अंदाज सांगतो की नऊ वाजता दहा एजंट लागतील, दहाला अठरा, अकरा ते एक पंचवीस. एकनंतर गरज उतरते, एक ते दोन एकोणीस आणि दोन ते तीन सतरा. पुढे चारच्या सुमाराला बावीसपर्यंत चढून सहाला चौदावर आणि शेवटच्या तासाला सातवर येते. तिसांनाही नऊला बोलावलं तर पहिल्या तासाला वीस जण नुसते बसून राहतील, आणि सहानंतर फोन उचलायला कुणी नसेल.

म्हणून बारा जण नऊला, दहा जण दहाला आणि आठ जण अकराला. नऊ तासांनी ते सहा, सात आणि आठ वाजता सुटतात, त्यामुळे संध्याकाळही आपोआप झाकली जाते. हजर माणसांतून लागणारी माणसं वजा केली की त्या वेळी किती जणांना उठता येईल ते कळतं. दहा ते अकरा चार, अकरा ते एक पाच, एक ते दोन अकरा, दोन ते तीन तेरा. रोस्टरचं निम्मं काम ही वजाबाकी आहे. उरलेलं काम म्हणजे ब्रेक त्या जागांत बसवणं.

नऊची बॅच बारा जणांची आहे. तिचा पहिला चहा सव्वादहा, साडेदहा आणि पावणेअकरा अशा तीन खेपांत, चार-चार जणांनी. अकराची गर्दी सुरू होते तेव्हा बाराही जण जागेवर असतात. दहाची बॅच साडेअकरा ते सव्वाबाराच्या मधे तीन-तीन-चार अशी उठते. अकराची बॅच सव्वाबारा आणि साडेबाराला चार-चार. जेवणात नऊची बॅच पहिली, सहा जण एकला आणि सहा दीडला. तिला आधी सोडण्याचं कारण पोटात आहे, तसंच कायद्यातही आहे. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्याने सलग पाच तास कामानंतर किमान अर्ध्या तासाची विश्रांती बंधनकारक केली होती. नऊला बसलेल्या माणसाला दोनपर्यंत जेवायला सोडलं नाही, तर ती सीमा ओलांडली जाते. दहाची बॅच दीड आणि दोनला पाच-पाच, अकराची दोन आणि अडीचला चार-चार. दीड वाजता नऊवाले सहा आणि दहावाले पाच मिळून अकरा होतात, म्हणजे जागा काठोकाठ भरली. दुपारचा चहा तीननंतर आरामात बसतो, कारण तेव्हा आठ-दहा जणांना उठायची मुभा असते.

तीस माणसं हाताने बसवता येतात, तीनशे नाही. अमेरिकेत १९५४ साली लेस्ली ईडी यांनी न्यूयॉर्क बंदर प्राधिकरणाच्या टोल बूथांवरच्या गाड्यांची गर्दी आणि तिथल्या कर्मचाऱ्यांच्या पाळ्या यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्याच वर्षी जॉर्ज डँटझिग यांनी त्यावर एक टिपण लिहिलं आणि पाळ्या बसवण्याचा प्रश्न गणितात मांडला. प्रत्येक वेळेला लागेल तितकी माणसं असलीच पाहिजेत आणि एकूण माणसं कमीत कमी लागली पाहिजेत, अशी ती मांडणी होती. आजची रोस्टरची सॉफ्टवेअरं मुळात हाच प्रश्न सोडवतात.

पण सॉफ्टवेअरला सगळं दिसतंच असं नाही. कागदावर दर अर्ध्या तासाला नवी बॅच सुरू करणं उत्तम दिसतं. प्रत्यक्षात रात्रीच्या पाळीत कॅब चार-पाच जणांना मिळून आणते. हडपसरचा एक साडेसातला आणि त्याच रस्त्यावरचा दुसरा आठला बोलावला, तर एकाला अर्धा तास बिनपगारी ताटकळावं लागतं. अमेरिकेच्या प्रोसेसमध्ये आणखी एक भर पडते. तिथली घड्याळं मार्चमध्ये तासभर पुढे आणि नोव्हेंबरमध्ये मागे जातात, आपली जागची हलत नाहीत. त्या आठवड्यात सगळं रोस्टर एक तासाने सरकवावं लागतं. ते विसरलं, तर अंदाज बरोबर असूनही माणसं चुकीच्या तासाला बसलेली असतात.

बिघाड नेमका कुठे आहे हे शोधायला दिवसाची सरासरी कामाची नाही. दिवसभराची सरासरी ब्याऐंशी टक्के दिसते आणि सगळे खूश होतात, पण दुपारी पंच्याण्णव आणि साडेअकराला चाळीस असलं तरी तोच आकडा येऊ शकतो. म्हणून अर्ध्या-अर्ध्या तासाचा तक्ता उघडायचा. साडेअकराला रोज खड्डा पडत असेल, तर आधी कॉल अंदाजापेक्षा जास्त आले का ते बघायचं. आले असतील तर दोष अंदाजात आहे. मग कॉल लांबले का ते बघायचं. लांबले असतील तर एखादी नवी योजना किंवा बंद पडलेली सिस्टिम त्यामागे असते. दोन्ही जागच्या जागी असतील, तर माणसं ठरल्या वेळी खुर्चीत नव्हती. तिथेही लगेच एजंटवर चिडू नये. एजंटचा ब्रेक सव्वादहाला असतो, पण दहा वाजून तेरा मिनिटांनी आलेला कॉल नऊ मिनिटं चालतो. तो फोन आपटून उठू शकत नाही. मग ब्रेक सात मिनिटांनी सुरू होतो, सात मिनिटांनी संपतो आणि पुढच्या खेपेवर चढतो. मी पुढे दोन खेपांमध्ये एक जागा मोकळी ठेवायला लागलो. कागदावर ती वाया गेलेली दिसायची, पण तिच्यामुळे दुपारपर्यंतची घसरगुंडी थांबली.

सूत्राची एक मर्यादाही ध्यानात ठेवायला हवी. एरलांगचं हे सूत्र धरून चालतं की थांबलेला माणूस कितीही वेळ थांबेल. खरा ग्राहक फोन ठेवतो आणि दहा मिनिटांनी पुन्हा करतो. त्याचे दोन कॉल मोजले जातात, पुढच्या आठवड्याच्या अंदाजात दोन्ही शिरतात आणि आपल्याच कमतरतेतून तयार झालेली गर्दी खरी मागणी म्हणून समोर येते.

शेवटी, हे ज्यांच्यासाठी करायचं त्यांच्याबद्दल. दीडचं जेवण कायम एकाच्या वाट्याला आणि अडीचचं दुसऱ्याच्या, हे अन्यायाचं आहे. खेपा दर आठवड्याला फिरवल्या पाहिजेत. दोन मैत्रिणींना एकत्र डबा खायचा असेल आणि त्या वेळी अकरा जागा मोकळ्या असतील, तर त्यांना एकाच खेपेत बसवायला गणिताची काहीच हरकत नसते. फक्त बसवणाऱ्याने विचारायला हवं. आणि टीम लीडर मंडळींना माझं कळकळीचं सांगणं आहे: रांग लागली तर ब्रेक पंधरा मिनिटांनी पुढे सरकवा, त्या माणसाला तसं तोंडाने सांगा आणि नवी वेळ लिहून ठेवा. पण ब्रेक रद्द करू नका. पाच तास सलग दुसऱ्यांच्या तक्रारी ऐकणाऱ्या माणसाचा तो चहा आहे, आणि त्याच्यासाठी जागा शोधणं हे आदल्या संध्याकाळचं आमचं काम होतं.