रेशमाची परीक्षा बोटांनी

शुद्ध रेशीम आणि आर्ट सिल्क यांतला फरक दुकानातल्या झगझगीत दिव्यांखाली डोळ्यांना सहसा कळत नाही. चमक दोघांनाही असते, रंग दोघांवरही खुलतात, आणि एकदा जरीच्या काठावर नजर खिळली की मधल्या कापडाकडे फारसे लक्ष जात नाही. बोटांना मात्र हा फरक जाणवू शकतो, कारण हे धागे मुळातच वेगळ्या पदार्थांचे आहेत. रेशमाचा धागा केसांप्रमाणेच प्रथिनाचा असतो. आर्ट सिल्क म्हणून बाजारात जे येते ते मुख्यतः दोन प्रकारचे असते. पहिला धागा व्हिस्कोसचा. तो लाकडाच्या लगद्यापासून बनतो आणि त्याच्या पद्धतीचे पेटंट इंग्लंडमध्ये १८९२ साली घेतले गेले. दुसरा पॉलिस्टरचा, त्याचा कच्चा माल खनिज तेलातून येतो. पॉलिस्टर हाताला चटकन ओळखू येते, व्हिस्कोस मात्र चकवते. परीक्षेचा क्रम यावरूनच ठरतो.

येवल्यातल्या एखाद्या पैठणीच्या दुकानात हा क्रम कसा चालतो ते पाहता येईल. आईसाठी पहिल्यांदाच पैठणी घ्यायला आलेली एक मुलगी पदरावरचे मोर निरखत बसलेली असते. तिच्यासमोर दोन साड्या आहेत, दिसायला जवळपास सारख्या आणि किमतीत कित्येक पटींचा फरक असलेल्या. दुकानदार दोन्ही साड्या बाजूला सारतो आणि जांभळ्या रंगाचे, जर नसलेले तीन तुकडे गादीवर मांडतो.

“ताई, काठ-पदराला हात लावून काही कळायचं नाही. तिथं हाताला जर लागते, रेशीम नाही. परीक्षा अंगाची करायची. हात कोरडे करा आणि डोळे मिटा.”

पहिली परीक्षा उबेची. तुकडा एकेरी धरून त्यावर तळहात ठेवायचा आणि थोडा वेळ तसाच राहू द्यायचा. रेशीम क्षणभर गार लागते आणि मग हाताच्या उबेशी जुळवून घेते. तळहाताला आलेला दमटपणाही ते टिपून घेते. नेहमीच्या हवेत रेशमात त्याच्या कोरड्या वजनाच्या सुमारे ११ टक्के ओलावा मुरलेला असतो. पॉलिस्टरमध्ये हे प्रमाण अर्ध्या टक्क्याच्याही खाली असते. त्यामुळे घाम कापडात न जाता हात आणि कापड यांच्यामध्ये साचतो आणि हाताला चिकचिक जाणवते. तीनपैकी एक तुकडा मुलगी लगेच दूर सारते. तो पॉलिस्टरचा निघतो.

उरलेले दोन्ही तुकडे तिला सारखेच वाटतात, आणि यात तिचे काही चुकत नाही. व्हिस्कोस रेशमाइतकाच किंवा थोडा अधिकच ओलावा धरते, त्यामुळे त्याचा स्पर्शही गार आणि सुखद असतो. हाताला थंड लागले म्हणजे रेशीमच, ही समजूत इथेच फसवते.

“आता अंगठा आणि तर्जनीत धरून चोळा. घाई नको.”

चोळताना रेशीम बोटांना किंचित धरून ठेवते. ते मऊ असते, पण बुळबुळीत नसते. एक अगदी हलकी, कोरडी अशी ओढ जाणवते. कधी कधी दाबल्यावर चुरचुर असा बारीक आवाजही येतो. पुष्कळ जण या आवाजालाच खात्रीची खूण मानतात, पण तो धाग्याचा जन्मजात गुण नव्हे. रेशीम रंगवून झाल्यावर सौम्य आम्लाच्या पाण्यातून काढले तर तो येतो, नाहीतर येत नाही. आवाज नसलेले रेशीमही अस्सल असू शकते.

मग तुकडा मुठीत घट्ट आवळून सोडायचा. रेशमावर सुरकुत्या पडतात, पण त्या बोथट असतात आणि झटकल्यावर बऱ्याचशा विरतात. व्हिस्कोस मुठीतच लोळागोळा होते आणि त्यावर धारदार घड्या उमटून राहतात. पॉलिस्टर जवळजवळ काहीच न झाल्यासारखे उलगडते. मुलीच्या हातातल्या दोन तुकड्यांपैकी एक चुरगळलेलाच राहतो, आणि आता तिला शंका यायला जागा मिळते. दुकानदार अजूनही उत्तर सांगत नाही. खळ किंवा मऊपणा आणणारे द्रव्य दिलेल्या कापडात मुठीची परीक्षा हुकू शकते, हे त्याला पुरते माहीत असते.

निर्णय देतो तो ओला धागा. तुकड्याच्या कापलेल्या कडेतून एक धागा ओढून घ्यायचा, मधोमध पाण्याच्या बोटाने भिजवायचा आणि दोन्ही टोके धरून ताणायचा. व्हिस्कोस ओले झाले की त्याची ताकद निम्म्याच्या आसपास येते, म्हणून धागा नेमका भिजलेल्या जागी सहज तुटतो. रेशीमही भिजल्यावर थोडे दुबळे होते, पण कितीतरी कमी. त्याचा धागा बोटांना चांगलाच प्रतिकार करतो. चुरगळलेल्या तुकड्याचा धागा मुलीच्या हातात अलगद दोन होतो.

सगळ्यांत अवघड प्रकार यानंतर येतो. कापडात उभा ताणा एका धाग्याचा आणि आडवा बाणा दुसऱ्याच धाग्याचा असू शकतो. ताणा रेशमी आणि बाणा पॉलिस्टरचा असेल, तर स्पर्श कुठेतरी मधलाच येतो आणि नवशिक्याचा हात त्याला रेशीम म्हणून मोकळा होतो. पदराचे गोंडे तपासून इथे भागत नाही, कारण गोंडे ताण्याच्याच धाग्यांचे असतात. ब्लाउजपीसच्या कापलेल्या टोकाशी उभा आणि आडवा असे दोन्ही धागे सुटे करता येतात, आणि दोन्ही वेगवेगळे पाहावे लागतात. हेच दोन धागे दुकानदार चिमट्यात धरून पेटवूनही दाखवतो. रेशमाला केस जळाल्याचा वास येतो, ज्योत काढली की ते बहुधा विझते आणि मागे उरलेली काळी राख चिमटीत भुगा होते. व्हिस्कोस कागदासारखे भुरुभुरु जळून जाते. पॉलिस्टर वितळते आणि थंड झाल्यावर त्याचा टणक मणी बनतो, जो बोटांनी फुटत नाही.

या साऱ्या खुणा पैठणीत वापरल्या जाणाऱ्या, डिंक काढून मऊ केलेल्या तुती रेशमाच्या आहेत. कोशातून निघालेल्या धाग्यावर सेरिसिन नावाचा डिंक असतो. कच्च्या धाग्याच्या वजनाचा साधारण चौथा ते पाचवा हिस्सा त्याचाच. तो तसाच ठेवून विणलेले ऑर्गंझा शुद्ध रेशमाचे असूनही कडक लागते, आणि टसर खरखरीत लागते. तुती रेशमावर तयार झालेला हात या दोघांना नकली ठरवण्याची शक्यता असते.

मुलीने शेवटी दोन्ही साड्यांच्या अंगाला हात लावून पाहिला. स्वस्त साडी तळहाताखाली चिकचिकली. महागडीच्या ब्लाउजपीसमधून काढलेले दोन्ही धागे ओले होऊनही टिकले.

“काका, ही हातमागाची आहे, हेही यावरूनच कळतं का?”

“नाही. ते कापड उलटून बघायचं.”

धागा कोणता आणि विणली कशावर, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. शुद्ध रेशमाची साडी यंत्रमागावरही विणता येते. हातमागाच्या पारंपरिक पैठणीत पदराची नक्षी मागूनही जवळपास पुढच्यासारखीच दिसते. यंत्रावरच्या नक्षीत मागे सुटे धागे लोंबतात किंवा कापलेले दिसतात. लेबलेही म्हणून दोन आहेत. केंद्रीय रेशीम मंडळाच्या पुढाकाराने चालणारे सिल्क मार्क फक्त शुद्ध रेशमाची ग्वाही देते आणि हँडलूम मार्क हातमागाची. बिलावर नुसते ‘पैठणी’ न लिहिता ‘शुद्ध रेशीम, हातमाग’ असे लिहून घेतले, तर पुढे तक्रारीची वेळ आल्यास हाती पुरावा राहतो.