पाणी नेमकं कुठपर्यंत पोचतं?

दिवसभरात आपल्या लहान आतड्यात जवळजवळ 9 लिटर द्रव उतरतो. त्यातला आपण खाल्लेला-प्यायलेला भाग साधारण 2 लिटरचा. बाकी सगळी लाळ, जठररस, पित्त आणि आतड्यांचे पाचकरस. लहान आतडं यातलं बहुतेक पाणी परत रक्तात ओढून घेतं. मोठ्या आतड्यापर्यंत दीड लिटरच्या आसपास पोचतं आणि तिथेही ते शोषलं जातच राहतं. शेवटी शौचावाटे बाहेर पडतं ते जेमतेम 100-200 मिलिलिटर. मळ पुढे सरकायला वेळ लागला, की त्यातलं आणखी थोडं पाणी शोषलं जातं आणि खडा होतो. बद्धकोष्ठावरचा कुठलाही घरगुती उपाय पारखायचा तर एकच विचारावं: या शेवटच्या टप्प्यावर पाणी टिकवायला तो काही करतो का?

सकाळी उठल्याउठल्या घेतलेलं कोमट पाणी हे करत नाही. पेलाभर पाणी लहान आतड्यातच शोषलं जातं आणि जास्तीचं लघवीवाटे निघून जातं. ज्याच्या पोटात आधीच पुरेसं पाणी जातंय, त्याने आणखी दोन तांबे प्यायले तरी मळ मऊ होत नाही. तरीही अनेकांना त्याने खरोखर कळ येते, आणि त्यामागे कारण आहे. रिकामं जठर ताणलं गेलं की मोठ्या आतड्याला हालचालीचा इशारा जातो, आणि झोपेतून उठल्यानंतर आतडं तसंही जागं होत असतं. हा इशारा पाण्यापेक्षा जेवणाने जास्त जोरात जातो. म्हणून नुसतं पाणी पिऊन संडासात बसून राहण्यापेक्षा नाश्ता करावा आणि त्यानंतर अर्ध्या तासात जावं, हे बऱ्याच जणांना अधिक लागू पडतं. पाणी कमी पिणाऱ्याला, उन्हात राबणाऱ्याला किंवा तापातून उठलेल्याला पाण्याचा स्वतंत्र फायदा होतोच. पण खडा झालेला असेल तर कोमट पाणी तो फोडत नाही.

इसबगोलचं काम अगदी वेगळं. उत्तर गुजरात आणि राजस्थानात पिकणाऱ्या या बियांची वरची भुशी पाण्यात टाकली की काही मिनिटांत बुळबुळीत गोळा होतो. हा गोळा लहान आतड्यात पचत नाही आणि मोठ्या आतड्यातले जिवाणूही तो फारसा आंबवत नाहीत. त्यामुळे धरून ठेवलेलं पाणी तो थेट शेवटपर्यंत घेऊन जातो. मळ मऊ राहतो आणि त्याचा आकारही वाढतो. पातळ जुलाबात दह्यातून हीच भुशी देतात, कारण सुटं पाणीही ती तशीच धरते.

पण जे पाणी धरायचं ते आपणच द्यावं लागतं. आपल्याकडे चूक होते ती इथे. एक चमचा भुशीला किमान पेलाभर, म्हणजे 240 मिलिलिटर पाणी हवं, ढवळल्याबरोबर प्यायला हवं आणि त्यावर आणखी एक पेला. अर्ध्या कपात कालवून लापशीसारखं गिळलं तर गोळा अन्ननलिकेतच फुगून अडकू शकतो. गिळायला त्रास असलेल्या किंवा अंथरुणाला खिळलेल्या माणसाला म्हणूनच ती देऊ नये. दुसरी गोष्ट म्हणजे धीर. परिणाम दिसायला 12 तासांपासून 3 दिवसही लागतात. पहिल्याच दिवशी दोन-तीन चमचे घेतले तर पोट नुसतं फुगतं. अर्ध्या चमच्याने सुरुवात करून आठवड्याभरात हळूहळू वाढवावं.

प्रून ज्यूस हा वाळवलेल्या आलुबुखारचा रस. त्याची ताकद सॉर्बिटॉल नावाच्या साखरेत आहे. ती आतड्यातून नीट शोषली जात नाही, त्यामुळे स्वतःसोबत पाणी आतड्यातच अडवून ठेवते. 100 ग्रॅम रसात ती 6 ग्रॅमच्या आसपास असते, म्हणजे अर्धा पेला पुरतो, आणि बहुतेकांना काही तासांत किंवा दुसऱ्या दिवशी फरक जाणवतो. पण हीच साखर मोठ्या आतड्यात जिवाणूंच्या हाती लागली की वायू होतो. ज्यांचं पोट आधीच गुबारतं त्यांना हा रस सोसत नाही. शिवाय अर्ध्या पेल्यात 20 ग्रॅमच्या आसपास कर्बोदकं जातात, ही मधुमेह्याने मोजायची गोष्ट. पोटॅशियमही भरपूर असतं. मूत्रपिंडाचा आजार असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये. रस गाळताना चोथाही निघून जातो. म्हणून भिजवलेला अख्खा प्रून मला रसापेक्षा केव्हाही बरा वाटतो. अमेरिकेत 2011मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या चाचणीत दिवसाला 100 ग्रॅम अख्खे प्रून हे इसबगोलपेक्षा सरस ठरले होते. ते श्रेय रसाच्या बाटलीला देता येत नाही. आपल्या काळ्या मनुकाही प्रूनच्या जागी बसत नाहीत, कारण द्राक्षात सॉर्बिटॉल जवळपास नसतंच.

नात्यातल्या एका मावशींचं उदाहरण सांगतो. वय साठीच्या पुढे, मधुमेह, थायरॉइडची गोळी आणि अशक्तपणासाठी लोहाची गोळी. रात्री कपभर दुधात दोन चमचे इसबगोल घालून त्या लगेच आडव्या होत. सकाळी कोमट पाणी. परदेशातल्या मुलाने आणलेला प्रून ज्यूसही पेला भरून घेऊ लागल्या. पोट टम्म, साखर वाढलेली आणि खडा तसाच. त्यांच्या डॉक्टरांनी आधी गोळ्या पाहिल्या. लोहाच्या गोळीने मळ कडक होतो, तिचा प्रकार आणि मात्रा त्यांनी बदलली. इसबगोल संध्याकाळी एक चमचा, पेलाभर पाण्यात, वर आणखी पेलाभर पाणी, आणि इतर कुठल्याही गोळीपासून किमान दोन तास लांब. कारण भुशी औषधांचं शोषण अडवते. रस बंद, त्याऐवजी भिजवलेले तीन प्रून, तेही रोजच्या फळाच्या ऐवजी. कोमट पाणी चालू ठेवलं, पण संडासाची वेळ नाश्त्यानंतरची. दुसऱ्या आठवड्यात कुंथणं कमी झालं.

सगळ्यांच्या बाबतीत असं होत नाही. जर्मनीत 1997मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात जुन्या बद्धकोष्ठाच्या रुग्णांना इसबगोल देऊन पाहिलं. तपासणीत काही दोष न सापडलेल्यांपैकी 85 टक्के सुधारले किंवा बरे झाले. मात्र ज्यांचं आतडंच मंद चालत होतं, त्यांच्यातल्या 80 टक्क्यांना काहीच फरक पडला नाही. ज्यांच्या मळ बाहेर टाकण्याच्या क्रियेतच अडथळा होता, त्यांच्यातल्या 63 टक्क्यांनाही नाही. हा अडथळा ओळखू येतो: मळ मऊ असूनही कुंथावं लागतं, काहीतरी अडल्यासारखं वाटतं, काही जण बोटाने काढतात. जोर देताना गुदद्वाराचे स्नायू सैल पडायच्या ऐवजी आवळले जातात. अशा वेळी चमचे वाढवून उपयोग नाही. पोटविकारतज्ज्ञ दाब मोजणारी तपासणी करतात आणि स्नायू सैल सोडायचं शिक्षण देतात, त्याने अनेकांना आराम पडतो. घरात कमोड असेल तर पायाखाली छोटं स्टूल घेऊन गुडघे कमरेच्या वर येतील असं बसून पाहावं.

शस्त्रक्रियेनंतर ट्रामाडॉलसारख्या वेदनाशामक गोळ्या चालू असतील तर इसबगोल सुरूच करू नये. आतडं थंडावलेलं असताना आत गोळा वाढवत नेण्यात अर्थ नाही, डॉक्टरांकडून दुसरं रेचक घ्यावं. वृद्ध माणसाला बरेच दिवस नीट साफ न होता अचानक पातळ पाझरू लागलं तर ते जुलाब समजून बंद करायचं औषध देऊ नका. आत खडा अडकलेला असतो आणि त्याच्या कडेने पाणी झिरपत असतं. तो आधी दवाखान्यात काढावा लागतो. शौचातून रक्त, कारण नसताना घटणारं वजन, पन्नाशीनंतर प्रथमच बदललेली सवय, यांपैकी काहीही असेल तर तपासणी लगेच करून घ्यावी. पोट फुगून उलट्या होत असतील आणि वाराही सरत नसेल, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावं.