भांडं सातव्या रविवारी

सोसायटीच्या ग्रुपवर कुंभारकामाची नवी बॅच जाहीर करताना शिकवणाऱ्या ताई किंवा दादा सहसा फोन तोंडाशी धरतात आणि सुचेल तसं बोलत जातात. मातीचा स्पर्श, मनाची शांतता, मोबाइलपासून सुटका असं सगळं त्यात येतं. तारीख, वेळ आणि फी शेवटी घाईघाईत सांगितली जाते. ऐकणाऱ्याला बॅच आहे एवढं कळतं, पण आपल्याला ती झेपेल का हे कळत नाही. मग ग्रुपवर तेच ते प्रश्न सुरू होतात: मग त्याच दिवशी घरी नेता येईल का? एक रविवार चुकला तर चालेल का? पाच वर्गच आहेत, मग दोन महिने कसले?

या प्रश्नांची उत्तरं शिकवणाऱ्याच्या सोयीवर अवलंबून नसतात. ती मातीच्या वाळण्यावर ठरतात. म्हणून व्हॉइस नोट लिहायला बसताना आधी मातीचं वेळापत्रक कागदावर मांडावं आणि वाक्यं त्यानंतर सुचू द्यावीत.

समजा, दिवाळीनंतरची बॅच आहे. चार चाकं आहेत, म्हणून आठ जण, एका चाकावर दोघे आळीपाळीने. 2 नोव्हेंबरच्या रविवारी माती मळायची आणि हाताने वाटी घडवायची. 9 तारखेला चाकावर पहिली भांडी निघतील. ही भांडी ओली असताना तळाशी जाड असतात, कारण नवशिक्याचा हात खालची माती पूर्ण वर खेचू शकत नाही. ती जास्तीची माती पुढच्या रविवारी, भांडं चाकावर पालथं घालून, तासून काढायची असते. याला वर्गात ट्रिमिंग म्हणतात. ते करायला भांडं एका नेमक्या अवस्थेत लागतं: बोटाने दाबल्यावर दबू नये, पण नख ओढलं तर रेघ उमटावी. उघड्यावर ठेवलं तर ही अवस्था एक-दोन दिवसांतच निघून जाते. म्हणून प्रत्येक भांडं प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून फळीवर ठेवतात आणि मधल्या दिवसांत पिशवी कधी सैल, कधी घट्ट करत ते सांभाळतात.

एवढं करूनही ते आठवडाभरच टिकतं. 16 तारखेला कुणी आलं नाही, तर त्याचं भांडं 23 पर्यंत पुष्कळदा कडक होऊन बसतं. कडक भांडं तासायला घेतलं की सालीऐवजी धूळ उडते, आणि त्या धुळीत सिलिका असल्याने ती फुप्फुसांना चांगली नाही. पाणी लावून पुन्हा मऊ करायला जावं तर बहुधा तडा जातो. न तासता तसंच वाळवलं तर कडा लवकर वाळते, जाड तळ मागे राहतो आणि तिथेच चीर पडते. आतून ओलसर राहिलेलं असं भांडं भट्टीत गेलं तर पाण्याची वाफ होते, तिला बाहेर पडायला वाट मिळत नाही आणि भांडं फुटतं. त्याचे तुकडे शेजारच्याच्या भांड्यावर जातात. एकाच्या सुट्टीची झळ दुसऱ्याला लागते ती अशी. ‘मधले रविवार चुकवू नका’ हे वाक्य म्हणूनच नोटमध्ये सर्वांत महत्त्वाचं, आणि तेच बहुतेक नोटमध्ये नसतं.

23 तारखेच्या ट्रिमिंगनंतर दोन आठवड्यांची सुट्टी लागते. या काळात भांडी सावकाश वाळतात. वाळलं की नाही हे जुने हात गालाला लावून ओळखतात; गार लागलं तर आत अजून पाणी आहे. मग पहिली भाजणी, साधारण 950 ते 1000 अंशांवर. इलेक्ट्रिक भट्टी सुरुवातीला मुद्दाम हळू तापवतात आणि नंतर आपोआप निवू देतात, म्हणजे एका भाजणीत सहज दोन दिवस जातात. 7 डिसेंबरला त्या भाजलेल्या, पाणी शोषणाऱ्या भांड्यांवर ग्लेझ चढवायचं. स्टोनवेअर मातीची दुसरी भाजणी 1200 अंशांच्या वर जाते. भांडं हातात पडेल 14 डिसेंबरला.

पावसाळ्यातल्या बॅचला हेच वेळापत्रक लावू नये. मुंबई-कोकणच्या जुलैतल्या हवेत वाळवणीला दोन आठवडे पुरतील याची खात्री नसते. तिथे आणखी एक रविवार मोकळा ठेवूनच तारीख सांगावी.

हे सगळं मांडून झालं की नोट जवळजवळ आपोआप लिहिली जाते:

“नमस्कार मंडळी. कुंभारकामाची नवी बॅच 2 नोव्हेंबरला, रविवारी सुरू होतेय. सकाळी दहा ते साडेबारा. जागा आठच आहेत, कारण चाकं चार आहेत. पूर्वी माती हातात घेतली नसेल तरी चालेल. वर्ग पाच रविवारी आहेत: नोव्हेंबरचे पहिले चार आणि मग 7 डिसेंबर. मधे 30 तारखेला सुट्टी, तेव्हा भांडी वाळतील आणि भट्टीत जातील. 16 आणि 23 तारखेला मात्र नक्की या. त्या दिवशी आधीच्या आठवड्याचं भांडं पुरं करायचं असतं, ते नंतर करता येत नाही. प्रत्येकाची तीन भांडी भाजू. बाकीची माती पुन्हा भिजवून वापरू. भांडं भाजल्यावर साधारण दहा टक्के लहान होतं, तेव्हा चहाचा मग हवा असेल तर मोठा घडवू. माती, ग्लेझ आणि दोन्ही भाजण्या फीमध्येच आहेत. नखं कापून या, जुने सुती कपडे घाला, एक नॅपकिन आणा. भांडी 14 डिसेंबरला घरी न्यायची. फी, पत्ता आणि तारखा खाली लिहिल्या आहेत. यायचं असेल तर मला वेगळा मेसेज करा.”

सावकाश वाचलं तर ही नोट सव्वा ते दीड मिनिटात संपते. त्यात मन:शांतीचा उल्लेख नाही, आणि तो नसल्याने काही बिघडत नाही. नखांचं वाक्य मात्र काढू नये. लांब नख चाकावरच्या ओल्या भिंतीत रुततं आणि फिरत्या भांड्यावर गोल चर पाडतं. पहिल्या दिवशी हा अपघात हमखास होतो. तीन भांड्यांची मर्यादाही आधीच सांगून टाकावी. भट्टीतल्या फळ्यांवर जागा मोजकी असते, आणि न भाजलेली माती भिजवून परत वापरता येते, भाजलेली नाही. दहा टक्क्यांचं वाक्य गाळलं, तर कुणीतरी घरच्या मगाच्या मापाने घडवलेलं भांडं हातात घेऊन ‘माझं बदललं का?’ असं विचारेल.

बोलताना आकड्यांकडे लक्ष हवं. व्हॉट्सॲपवर 2021 पासून नोट दीडपट-दुप्पट वेगाने ऐकता येते आणि बरेच जण तशीच ऐकतात. त्या वेगात ‘सात’ आणि ‘साठ’, ‘सोळा’ आणि ‘सोळाशे’ सहज मिसळतात. तारखेनंतर क्षणभर थांबावं आणि वार जोडावा. एका मिक्सरच्या आवाजात ‘सोळा तारीख’ हरवू शकते. ‘सोळा, रविवार’ सहसा कानात राहतं. पाठवण्याआधी स्वतः दुप्पट वेगाने ऐकून पाहिलं की कुठलं वाक्य पुन्हा बोलायला हवं ते लगेच कळतं.

आणि खाली लिखित मेसेज हवाच. आवाजातला पत्ता कुणाला नकाशात टाकता येत नाही, आणि आठवड्याने तारीख शोधायला कुणी दीड मिनिट पुन्हा ऐकत बसत नाही. बॅच जाहीर करणाऱ्यांनी फीचा आकडा त्याच मेसेजमध्ये उघड लिहावा; ‘फीसाठी संपर्क करा’ असं लिहून लोकांना विचारायला लावू नये.