‘रोज’ या शब्दाचं वजन

भोसरीच्या एमआयडीसीतला एक नमुन्याचा कारखाना डोळ्यासमोर आणा. गुरुवारी सुट्टी, दर आठवड्याला बदलणारी पाळी, पहिली पाळी सकाळी सातची. सात वाजून अठरा मिनिटांनी एक ऑपरेटर धापा टाकत आत शिरतो आणि सुपरवायझर मोबाइल काढून लाइनच्या ग्रुपवर टाइप करतो: ‘तुझं रोजचंच झालंय. कितीदा सांगितलं, फरक नाही. तुझ्यामुळे लाइन थांबते. लास्ट वॉर्निंग. पुढच्या वेळी गेटवरूनच घरी.’

पाच छोटी वाक्यं. हा मजकूर कार्यालयीन नोटिशीत उतरवायचा म्हणजे भाषा जरा गोड करायची, ‘तुझं’चं ‘आपलं’ करायचं, असं बहुतेकांना वाटतं. मलाही वाटायचं. प्रत्यक्षात भाषेला हात लावायची वेळ फार उशिरा येते. आधी एकेक शब्द उचलून त्याला विचारायचं, तू खरा आहेस का? आणि मग गंमत सुरू होते, कारण शब्द उत्तरं देऊ लागतात.

पहिला शब्द ‘रोज’. हजेरीच्या मशीनमधून नोव्हेंबरचे पंच काढले. उशिराच्या नोंदी निघाल्या सात: ७ तारखेला १२ मिनिटं, ८ ला ९, १० ला १४, ११ ला ३, २१ ला ११, २४ ला १८ आणि २५ ला २. म्हणजे ‘रोज’ महिन्यात सात वेळा येतो. त्यातही ३ आणि २ मिनिटांच्या नोंदींकडे जरा थांबून पाहायला हवं. एका माणसाला बोट टेकवून पुढे सरकायला चार सेकंद लागत असतील, तर साठ जणांच्या रांगेतला शेवटचा माणूस चार मिनिटांनी मशीनपर्यंत पोचतो. तो सातला दारात होता, मशीनच्या लेखी मात्र सात-चारला आला. पाच मिनिटांची सवलत अनेक कारखान्यांत असते ती याचसाठी. या कारखान्यातही ती आहे असं धरू. दोन नोंदी गळाल्या. उरल्या पाच, मिळून ६४ मिनिटं.

आता त्या पाच तारखा पाळीच्या तक्त्याशेजारी ठेवा. ७ ते १२ आणि २१ ते २६ हे त्याचे पहिल्या पाळीचे आठवडे. पाचही तारखा त्यांच्यातच. दुसऱ्या पाळीला हा माणूस एकदाही उशिरा आलेला नाही. ‘रोज’ म्हणताना समोर एक बेफिकीर माणूस दिसत होता. तारखा मांडल्यावर त्याच्या जागी सकाळची एक विशिष्ट वेळ दिसू लागते आणि तिच्यामागे बस, घर किंवा दवाखाना असं काहीतरी असणार हेही. विशेषणाची तारीख केली की माहिती वाढते. हे मला अजूनही नवलाचं वाटतं, कारण आपण तर काहीच नवं मिळवलेलं नसतं, होतं तेच मांडलेलं असतं.

कायद्यालाही या शब्दाचं वजन ठाऊक आहे. १९४६ च्या औद्योगिक रोजगार (स्थायी आदेश) कायद्याखाली जे आदर्श स्थायी आदेश तयार झाले, त्यांत एकदा उशिरा येणं हे गैरवर्तनाच्या यादीत नाही. यादीत आहे ते सवयीने उशिरा येणं. मग सवय म्हणजे किती? महाराष्ट्राच्या आदर्श स्थायी आदेशांत याचं एका ओळीचं स्पष्टीकरण आहे: वर्षाच्या अवधीत तीनपेक्षा कमी वेळा घडलेलं कृत्य ‘सवयीचं’ मानायचं नाही. हा तळ आहे. तिसऱ्या वेळी सवय सिद्धच झाली असा त्याचा अर्थ होत नाही, पण दोन वेळांवर ‘सवय’ हा शब्द लिहिता येत नाही, एवढं नक्की. त्या जुन्या कायद्याची जागा घ्यायला २०२० ची औद्योगिक संबंध संहिता आली, तरी शब्द तोलायची ही रीत शिकण्यासारखीच आहे. आपल्या ऑपरेटरच्या पाच वेळा आहेत. तेव्हा नोटीस काढायला जागा आहे.

दुसरं वाक्य, ‘कितीदा सांगितलं’. कधी सांगितलं? सुपरवायझरच्या शिफ्ट डायरीत १० तारखेला एक ओळ सापडते: ‘७, ८, आज उशीर, तोंडी समज दिली.’ बाकी वेळा सांगितलं असेल, पण लिहिलेलं नाही. त्यामुळे नोटिशीत १० तारखेची एकच समज येईल. इथे मोह होतो, मागच्या तारखा घालून डायरीत आणखी चार ओळी भरायचा. अशा ओळी ओळखायला हस्ताक्षरतज्ज्ञ लागत नाही. चारही दिवस एकाच पेनाने, एकाच दमात लिहिलेले असतात, नाहीतर त्यातला एक दिवस नेमका गुरुवार निघतो. आणि एक ओळ खोटी ठरली की खऱ्या पाच तारखांवरही कोणी विश्वास ठेवत नाही.

‘लाइन थांबते’ हे तर उत्पादनाच्या नोंदवहीतच तपासता येतं. लाइन एकदाही थांबलेली नाही. ७, १० आणि २४ तारखेला मात्र त्याचं मशीन दुसऱ्या ऑपरेटरला चालू करून द्यावं लागलं. हे लिहायचं. आरोप थोडा लहान झाला, पण आता तो हलत नाही.

‘लास्ट वॉर्निंग’. फर्स्ट कुठे आहे? कागदावर एकही नाही. म्हणजे शेवटची म्हणून पाठवलेली ही ताकीद प्रत्यक्षात पहिलीच. आणि ‘गेटवरूनच घरी’ पाठवायचा अधिकार सुपरवायझरला बहुधा नसतोच. स्थायी आदेशांतली शिक्षेची शिडी ताकदीपासून नव्हे, ताकिदीपासून सुरू होते, बडतर्फी अगदी वरच्या पायरीवर असते आणि तिथे पोचायच्या आधी चौकशी लागते. महाराष्ट्रात तर १९७१ च्या कामगार संघटना मान्यता आणि अनुचित कामगार प्रथा प्रतिबंध कायद्याच्या चौथ्या अनुसूचीत, किरकोळ किंवा तांत्रिक गैरवर्तनासाठी मागचा सेवाकाळ न पाहता धक्कादायक वाटावी इतकी मोठी शिक्षा देऊन कामावरून काढणं, हीच अनुचित प्रथा म्हटली आहे. आपल्या हातात नसलेली धमकी कागदावर उतरली की ती देणाऱ्यालाच अडकवते.

याच अनुसूचीत गुणवत्ता न पाहता काही कामगारांना झुकतं माप देणं हीसुद्धा अनुचित प्रथा आहे. म्हणून नोटीस टाइप करण्याआधी एक काम उरतं, जे फारसं कोणी करत नाही: हीच पट्टी अख्ख्या लाइनला लावून बघायची. पाच मिनिटांपेक्षा जास्त उशीर, महिन्यात पाच वेळा, असे आणखी कोण? समजा दोघे निघाले आणि त्यातला एक सुपरवायझरच्या गावचा, तर नोटिसा तीन निघतील. नाहीतर एकही नाही.

पगाराबद्दलही दोन शब्द. ‘तीन लेटमार्क, अर्धा दिवस कट’ ही रीत इतकी सर्रास आहे की तो कायदाच असावा असं वाटतं. पण १९३६ च्या वेतन प्रदान कायद्याच्या कलम ९ चं म्हणणं असं होतं, की गैरहजेरीची कपात गैरहजेरीच्या वेळेच्या प्रमाणातच हवी, आणि हेच तत्त्व पुढे वेतन संहितेतही आलं. ७, ८ आणि १० तारखेची मिनिटं मिळून ३५ होतात. त्यांच्यासाठी आठ तासांच्या पाळीतले २४० मिनिटांचे पैसे कापणं प्रमाणात बसत नाही. दंड करायचा तर तो वेगळा विषय आहे, त्याला मर्यादा आहे आणि आधी कामगाराचं म्हणणं ऐकावं लागतं. आपल्या नोटिशीत पैशाचा उल्लेखच नको.

इतकं झाल्यावर आता लिहायला बसायचं. आणि कागद असा होतो:

‘विषय: नोव्हेंबरमधील उशिराची उपस्थिती. पहिल्या पाळीची वेळ सकाळी ७.०० असून ५ मिनिटांची सवलत आहे. हजेरी नोंदीनुसार आपण ७ तारखेला ७.१२, ८ ला ७.०९, १० ला ७.१४, २१ ला ७.११ आणि २४ ला ७.१८ वाजता आलात. यांपैकी ७, १० व २४ रोजी आपले मशीन दुसऱ्या ऑपरेटरकडून सुरू करावे लागले. याबाबत १० तारखेला आपणास तोंडी समज दिली होती. दुसऱ्या पाळीत आपली उपस्थिती वेळेवर आहे, याची नोंद घेतली आहे. वरील नोंदी चुकीच्या असल्यास किंवा उशिरास काही कारण असल्यास तीन दिवसांत लेखी कळवावे. लिहिण्यास अडचण असल्यास आपले म्हणणे समक्ष नोंदवून घेतले जाईल. आपला खुलासा पाहून पुढील निर्णय लेखी कळवला जाईल.’

ग्रुपवरच्या संदेशाहून हा थंड आहे. तरी ज्याला मिळेल त्याला तो जास्त लागेल, असं माझं मत आहे. ‘रोजचंच’ म्हटलं तर माणूस भांडू शकतो, ७.१८ शी कसं भांडणार? आणि त्यातलं ‘दुसऱ्या पाळीत वेळेवर’ हे वाक्य औदार्य म्हणून आलेलं नाही. शिक्षा ठरवताना मागची कामगिरी आणि सौम्य करणाऱ्या बाबी पाहायच्या, असं आदर्श स्थायी आदेशच सांगतात. उलट बाजूने, मागचा वाईट इतिहास शिक्षेसाठी वापरायचा तर तो आधी त्या माणसासमोर ठेवायला हवा, हे म्हैसूर राज्य विरुद्ध मंचे गौडा या सरकारी नोकराच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगून ठेवलं आहे. पाठीमागे ठेवलेली फाइल कामाला येत नाही.

द्यायची पद्धत सोपी आहे. मजकूर त्याला वाचता येणाऱ्या भाषेत, प्रती दोन, ग्रुपवर नाही तर हातात. एका प्रतीवर पोहोच म्हणून सही, आणि सहीच्या वर छापलेलं ‘नोटीस मिळाली’. ‘मान्य’ नव्हे. या एका शब्दावरून सह्या नाकारल्या जातात. नाकारलीच, तर दोन साक्षीदारांसमोर तसं नोंदवून नोटीस टपालाने घरी पाठवायची.

आपल्या ऑपरेटरने सही केली आणि दुसऱ्या दिवशी खुलासा दिला. ऑक्टोबरअखेर त्याने घर बदललं होतं. नव्या थांब्यावर कंपनीची पहिली बस थांबत नाही, दुसरी थांबते, आणि ती रस्ता मोकळा असला तरच सातच्या आत पोचते. त्याने हे कोणाला सांगितलं नव्हतं. कोणी विचारलंही नव्हतं. सुपरवायझरने वाहतूक विभागाला पहिल्या बसचा थांबा मागितला, ताकीद दिली आणि पुढचे दोन पहिल्या पाळीचे आठवडे पाहून आढावा घेऊ असं लेखी दिलं.

खुलाशाच्या तळाशी एक ओळ होती: ‘१० तारखेला ओळखपत्र विसरल्यामुळे गेटवर नाव लिहून आत आलो, मशीनवर नंतर पंच केला.’ सुपरवायझरने गेटचं रजिस्टर मागवलं. त्यात वेळ होती ७.११. त्याने नोटिशीच्या दोन्ही प्रतींवर ७.१४ खोडून ७.११ लिहिलं आणि शेजारी दोघांच्या सह्या झाल्या. मिनिटं ६४ ची ६१ झाली. वेळा पाचच राहिल्या.