पाचशे चाळीस रुपयांचा फरक

मराठी एक आणि इंग्रजी नऊ शेजारी शेजारी लिहून पाहा: १ आणि 9. वळण जवळपास तेच. मराठी दोन, तीन आणि शून्य तर इंग्रजीत गेले तरी ओळखीचेच राहतात. त्यामुळे एखाद्या जुन्या वहीत शाईने लिहिलेली '१३,२००' ही रक्कम मराठी वाचणाऱ्याला तेरा हजार दोनशे वाटते आणि इंग्रजी वाचणाऱ्याला त्र्याण्णव हजार दोनशे. दोघांनाही काही खटकत नाही. पाच, सहा, सात किंवा आठ यांपैकी एखादा अंक मध्ये आला असता, तर आकडा मराठी आहे हे लगेच कळलं असतं. इथे तशी खूण नाही.

गावोगावच्या विकास सोसायट्यांच्या वह्या आता संगणकात चढत आहेत. केंद्र सरकारने २०२२ मध्ये प्राथमिक कृषी पतसंस्थांच्या संगणकीकरणाची योजना मंजूर केली, तेव्हा सुरुवातीलाच ६३,००० संस्था तिच्यात धरल्या होत्या. जुन्या बाक्या नव्या प्रणालीत न्यायच्या तर कुणीतरी त्या वहीतून उचलायला हव्यात. कुठे माणूस पाहून टंकतो, तर कुठे पानांचे फोटो काढून सॉफ्टवेअरकडून वाचून घेतात. पुढची गोष्ट या दुसऱ्या प्रकारातली आहे. सोसायटी, माणसं आणि रकमा मी रचलेल्या आहेत. चूक मात्र अशाच वाटेने होते आणि अशाच वाटेने सापडते.

एका सोसायटीची कर्ज खतावणी. ४१२ कर्जदार सभासद, प्रत्येकाला एक खातेपान. पानाच्या शेवटी ३१ मार्चची एक ओळ आणि तिच्यात चार रकाने: मागील बाकी, वर्षात दिलेलं कर्ज, वर्षातली वसुली आणि अखेर बाकी. पानं स्कॅन झाली, सॉफ्टवेअरने आकडे उचलले, सगळ्या अखेर बाक्यांची बेरीज आली १,४६,३८,७९०. लेखापरीक्षण झालेल्या ताळेबंदात 'सभासद कर्ज येणे' होतं १,४६,३८,२५०. फरक ५४० रुपये.

दीड कोटीच्या आसपासच्या येण्यात पाचशे चाळीस म्हणजे हजार रुपयांमागे चार पैसेसुद्धा नाहीत. सचिवांनी सुटकेचा श्वास टाकला. "ताई, उचंत खात्याला टाका आणि पुढे चला. तालुक्याला अहवाल द्यायचाय."

उचंत खातं ही हिशेबातली धर्मशाळा. ज्या रकमेचा ठावठिकाणा लागत नाही ती तात्पुरती तिथे उतरते आणि पुष्कळदा वर्षानुवर्षं तिथेच मुक्काम ठोकते. सोसायटीत काम करणाऱ्या क्लार्क बाईंनी आधीच्या सचिवांची अशी दोन पाहुणी निस्तरली होती. त्या म्हणाल्या, "साहेब, एक दिवस द्या. फरक लहान आहे, म्हणजे सापडेलही लवकर."

दोघांचा समज एकच होता, की लहान फरक म्हणजे लहान चूक. बाईंनी जुन्या मुनीमांच्या युक्त्या वापरायला घेतल्या. पहिली युक्ती: फरकाच्या निम्मी रक्कम शोधायची. जमेची रक्कम नावे पडली किंवा नावेची जमेला गेली, तर फरक त्या रकमेच्या दुप्पट येतो. २७० रुपयांची नोंद कुठेच नव्हती. दुसरी युक्ती: फरकाला नऊने भाग जातो का पाहायचं. शेजारचे दोन अंक उलटसुलट झाले, ६३ चे ३६ झाले, तर फरक २७ येतो. ९१ चे १९ झाले तर ७२. अंक कोणतेही असोत, अशा अदलाबदलीचा फरक नेहमी नऊच्या पटीत असतो. ५४० ला नऊने भाग जातो. बाईंचे डोळे चमकले, आणि इथेच त्यांची दुपार वाया गेली. शेकडा आणि दशकाचे अंक उलटलेली रक्कम शोधत त्यांनी निम्मी खतावणी चाळली. तशी एकही सापडली नाही.

नऊचा नियम खोटा नाही. पण तो चूक एकच आहे असं धरून चालतो. दोन चुका एकमेकींच्या विरुद्ध दिशेने झाल्या तर उरणारा फरक कुठल्याच चुकीचा नसतो. तो त्यांच्यातल्या ओढाताणीचा शिल्लक उरलेला तुकडा असतो. त्याला नऊने भाग गेला तर तो निव्वळ योगायोग.

दुसऱ्या दिवशी बाईंनी एकूण बेरजेचा नाद सोडला आणि प्रत्येक ओळीला तिचाच हिशेब विचारायचं ठरवलं. मागील बाकीत दिलेलं कर्ज मिळवा, वसुली वजा करा, अखेर बाकी यायलाच हवी. खतावणीचा कागद स्वतःच हा पुरावा देतो. एकच गोष्ट तिथे दोनदा सांगितलेली असते, एकदा घडामोडीतून आणि एकदा शिल्लकेतून. चेकवर अंकी रकमेसोबत अक्षरी रक्कम लिहायला लावतात, त्यामागेही हाच विचार आहे. संगणकाच्या तक्त्यात बाईंनी पाचव्या रकान्यापुढे एक सूत्र लिहिलं आणि खालपर्यंत ओढलं:

```
=B2+C2-D2-E2
```

ओळ बरोबर असेल तर उत्तर शून्य. चारशेवर ओळींत शून्यं आली. एका ओळीत आलं -80000.

त्या ओळीत मागील बाकी २५,७००, दिलेलं कर्ज ६०,०००, वसुली ७२,५००. हिशेबाने अखेर बाकी १३,२०० यायला हवी. पडद्यावर होती 93,200. बाईंनी वही उघडली. वहीत स्वच्छ अक्षरात १३,२०० लिहिलेलं होतं.

आता उत्तर ८०,००० आलं याकडे लक्ष द्या, कारण त्या आकड्यातच चुकीची जात दिसते. एकच अंक चुकीचा वाचला गेला तर फरक नेहमी एक अंक आणि त्यापुढे शून्यं असाच येतो: ३००, ७,०००, ८०,०००. एकाचा नऊ झाला तर तो अंक आठच असतो आणि पुढची शून्यं चूक कोणत्या स्थानावर आहे ते सांगतात. इथे चार शून्यं, म्हणजे दशहजाराचं घर.

सॉफ्टवेअरने हा अंक का चुकवला? पानावरचा प्रत्येक रकाना ते सुटा कापून वाचत होतं. सोसायटीत वेगवेगळ्या काळात वेगवेगळ्या लोकांनी वह्या लिहिल्या, काहींनी मराठी अंकांत, काहींनी इंग्रजी, म्हणून त्याला दोन्ही लिप्या शिकवलेल्या होत्या. शेजारच्या २५,७०० मध्ये पाच आणि सात होते, ६०,००० मध्ये सहा होता. तिथे लिपी ओळखणं सोपं गेलं. १३,२०० च्या तुकड्यात मात्र एक, तीन, दोन आणि शून्यं, आणि हे सगळे अंक इंग्रजी म्हणूनही खपून जातात. माणूस असा आकडा पाहताना नकळत शेजारच्या रकान्याकडे नजर टाकतो. कापून दिलेल्या तुकड्याला शेजार नसतो.

यात आणखी एक खोच आहे. अशी सॉफ्टवेअरं प्रत्येक अंकाबरोबर आपल्याला किती खात्री आहे तेही नोंदवतात. खात्री कमी असलेले अंक लाल होतात आणि माणसाने तेवढेच तपासावेत अशी सोय असते. पुसट, डाग पडलेले, खाडाखोड झालेले आकडे त्यात येतात. हा नऊ लाल झाला नव्हता, कारण शाई ठळक होती आणि आकार खरोखरच नवासारखा होता. लाल आकडे तपासून थांबणाऱ्याच्या हाती ही चूक लागलीच नसती.

बाईंनी 93,200 चे १३,२०० केले. आता फरक शून्य व्हायला हवा होता का? नाही, तो उलट वाढला. आधी ५४० रुपये जास्त दिसत होते, आता ७९,४६० रुपये कमी दिसू लागले. सचिवांचा चेहरा पडला. "अहो, होतं तेच बरं होतं की!"

बाईंना मात्र आता धागा मिळाला होता. ७९,४६० ही एका अंकाची चूक असू शकत नाही, कारण ती 'एक अंक आणि शून्यं' या साच्यात बसत नाही. अंकांची अदलाबदलही नाही, कारण तिला नऊने भाग जात नाही. म्हणजे एखादी सबंध रक्कम गळली असण्याची शक्यता मोठी. ओळींचं सूत्र अशा वेळी मुकं असतं, कारण जी ओळ आलीच नाही तिची तपासणी ते कशी करणार? त्यांनी खातेपानांचे क्रमांक वरून खाली वाचायला घेतले. १८५, १८६, १८७, १८९. वहीत १८७ च्या मागे १८८ चिकटलेलं होतं, जुन्या डिंकाने की ओलीने कोण जाणे. स्कॅन करताना दोन्ही पानं एकदम उलटली गेली होती. त्या खात्याची अखेर बाकी ७९,४६०.

सुरुवातीलाच ओळी मोजल्या असत्या तर ४१२ च्या जागी ४११ दिसल्या असत्या. पण बेरीज इतकी जवळ आली होती की मोजायचं कुणाच्या मनात आलं नाही. त्या एका चुकीच्या नवाने हेच नुकसान केलं. त्याने आणलेले वाढीव ८०,००० नेमके गळलेल्या पानाच्या खड्ड्यात जाऊन बसले आणि खड्डा बुजल्यासारखा दिसला. अहवालात ५४० रुपये दिसत होते. प्रत्यक्षात दोन खाती मिळून १,५९,४६० रुपये चुकीच्या ठिकाणी होते. एका शेतकऱ्याच्या नावावर न घेतलेले ८०,००० चढले होते आणि पुढच्या हंगामात त्याला थकबाकीदार म्हणून नवं पीक कर्ज नाकारलं गेलं असतं. दुसऱ्याचं कर्जच नाहीसं झालं होतं, आणि ते पुढे सापडलं असतं तेव्हा वाद थेट सोसायटीच्या दारात आला असता.

बाईंच्या पद्धतीलाही मर्यादा आहेत. एकाच ओळीत वसुली आणि अखेर बाकी दोन्ही चुकून एकमेकांना सावरून घेतात, तेव्हा सूत्र शून्यच दाखवतं. मूळ वहीतच चूक असेल, तर संगणकात ती इमानाने उतरते. आणि रकमेला कसला पहारा नसतो. आधारच्या बारा अंकांत शेवटचा अंक आधीच्या अकरांवरून गणिताने ठरतो, म्हणून त्यातला एक अंक चुकला की प्रणाली लगेच अडवते. तेरा हजार दोनशेला असा राखणदार अंक नाही. त्याची साक्ष शेजारचे रकानेच देऊ शकतात.

तुमच्या सोसायटीचे हिशेब नुकतेच संगणकावर गेले असतील, तर नवा खातेउतारा मागून घ्या. आपल्या पासबुकातली मागील बाकी, घेतलेलं कर्ज आणि भरलेले पैसे त्याच्याशेजारी मांडा आणि अखेर बाकी स्वतः काढून पाहा. फरक आला तर सचिवांना अर्ज द्या आणि जुन्या वहीतलं पान दाखवायला सांगा. संगणकीकरण झालं म्हणून ती वही कुणी रद्दीत घालत असेल, तर लेखापरीक्षण पूर्ण होईपर्यंत घालू देऊ नका.